न दुखणारा चट्टा

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून आपण अंगावरून जाणे, पंडुरोग, गर्भाशयाच्या तक्रारी यांवर बोलतो आहोत. या सगळ्या दुखण्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. ती दुखतात, खुपतात, आणि म्हणून उशिरा का होईना, बाई त्यांबद्दल बोलते. मी आज ज्याबद्दल बोलणार आहे ते याच्या नेमके उलट आहे. हातावर किंवा पायावर एक फिकट चट्टा येतो. तो खाजत नाही, दुखत नाही, त्यातून पाणी येत नाही. हात लावला तर तिथे काही कळतच नाही. कामाच्या रगाड्यातल्या बाईला अशा डागाकडे बघायला फुरसत कुठून असणार? त्रास होत नाही ना, मग राहू दे, असे ती म्हणते. आणि हा त्रास न होणे हेच कुष्ठरोगाचे लक्षण आहे.

तुमच्यापैकी काहींना वाटेल की कुष्ठरोग तर संपला. डिसेंबर २००५ मध्ये सरकारने जाहीर केले ते एवढेच होते की देशात उपचार चालू असलेल्या रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी झाले आहे. ऐकणाऱ्यांनी मात्र रोग गेला असा अर्थ घेतला. आजही भारतात वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, आणि जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या देशातले असतात. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, पालघर हे जिल्हे यात पुढे आहेत. त्यातच पूर्वी फक्त कुष्ठरोगाचे काम करणारी, घरोघर फिरून अंग तपासणारी माणसे होती. पुढे हे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले गेले. त्यामुळे चट्टा पाहताक्षणी ओळखणारे डोळे गावपातळीवर कमी झाले. म्हणून ते डोळे आपल्याकडे असावेत, यासाठी मी हा विषय मागून घेतला.

आधी हा चट्टा बधिर का होतो ते समजून घेऊ. कुष्ठरोगाचा जंतू फार सावकाश वाढतो. शरीरात शिरल्यापासून खूण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीससुद्धा. त्याला शरीराचा थंड भाग आवडतो, म्हणून तो हात, पाय, चेहरा, कानाच्या पाळ्या इथे जास्त आढळतो. आणि तो त्वचेइतकाच नसांमध्ये मुक्काम करतो. ज्या नसा स्पर्श, ऊन-गार, दुखणे यांची वर्दी मेंदूला देतात त्याच सुजतात आणि हळूहळू निकामी होतात. म्हणजे वरचा डाग ही नुसती खूण आहे, खरा घाव आतल्या नसेवर आहे. कुष्ठरोगात बोटे झडतात असे लोक म्हणतात, पण जंतू बोटे खात नाही. संवेदना गेलेल्या हाताला भाजते, कापते, काटा रुततो, आणि बाईला ते कळत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि असे वारंवार झाले की बोट आखूड होते. आता आपल्या बायकांचे हात दिवसभर काय करतात ते आठवा. तवा, पातेले, विळी, विळा, चुलीतले लाकूड. बधिर हात पुरुषालाही धोक्याचाच, पण चुलीशी बसणाऱ्या बाईला तो दिवसातून तीनदा धोक्याचा.

चट्टा दिसतो कसा? आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फिकट किंवा लालसर, तांबूस. सपाट असेल किंवा त्याची कड थोडी उचललेली असेल. त्यावर घाम येत नाही, म्हणून तो कोरडा दिसतो आणि त्यावरची लव विरळ होते. तो दुधासारखा पांढराशुभ्र कधीच नसतो. पांढराशुभ्र डाग म्हणजे कोड, त्याचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही, हे गावात आवर्जून सांगा, कारण कोड असलेल्या मुलींना विनाकारण भोगावे लागते. खाजणारा, कडेला पुरळ असलेला गोल चट्टा बहुधा गजकर्णाचा. छातीपाठीवर बारीक कोंडा सुटणारे ठिपके बहुधा शिबे. जन्मापासूनचा डाग ही जन्मखूण. पण हे सगळे ‘बहुधा’ आहे. नुसते पाहून ठरवायचे नाही, चट्टा बधिर आहे का ते तपासायचे. ही तपासणी बॉलपेनने होते आणि तुम्ही प्रत्येकजण ती करू शकता. करताना चुका होतात, म्हणून ती सावकाश सांगते.

उजेडात बसा, शक्यतो दिवसाच्या, कारण पिवळ्या दिव्याखाली फिकट डाग दिसतच नाही. बाईला आधी सांगा की आपण काय करणार आहोत. डोळे उघडे असताना तिच्या चांगल्या त्वचेवर पेनाचे टोक हलकेच टेकवा, त्वचा किंचित दबेल एवढेच, आणि जिथे लागले तिथे बोट ठेवायला सांगा. तिला हे समजले की डोळे मिटायला सांगा. मग कधी चांगल्या त्वचेवर, कधी चट्ट्याच्या मध्यावर, कधी कडेला टेकवा, आणि मधूनच कुठेच टेकवू नका. चांगल्या त्वचेवर ती बरोबर बोट ठेवते आणि चट्ट्यावर पुन्हापुन्हा ठेवत नाही, असे झाले तर चट्टा बधिर आहे.

आता चुका. पहिली, दर वेळी ‘लागलं का?’ असे विचारणे. असे विचारले की संकोची बाई ‘हो’ म्हणून मोकळी होते. विचारू नका, तिला बोट ठेवू द्या. दुसरी, पेन ओढणे. ओढले की शेजारची चांगली त्वचाही ताणली जाते आणि तिथले तिला कळते. टेकवा आणि उचला. तिसरी, सुई किंवा टाचणी वापरणे. त्याची गरज नाही, त्याने जखम होते आणि तीच सुई दुसरीला लागली तर नवे संकट. चौथी चूक तळव्यांची. तळहात आणि तळपाय यांवर रंगातला फरक दिसत नाही, आणि घट्टे पडलेल्या पायाला तसेही कमी लागते. म्हणून हातापायाची मागची बाजू बघा, आणि तळव्याबाबत शंका असेल तर दोन्ही पायांची तीच जागा ताडून पाहा. दोन्ही पावले सारखीच बधिर असतील आणि कातडीवर डाग नसेल, तर मधुमेहाचाही विचार करावा लागतो. त्यासाठीही दवाखान्यातच पाठवायचे.

या तपासणीची एक मर्यादा मुद्दाम सांगते. चट्टा बधिर निघाला तर संशय पक्का, पण बधिर नाही म्हणजे रोग नाही असे नव्हे. चेहऱ्यावरच्या चट्ट्यावर स्पर्श बऱ्याचदा शाबूत राहतो. आणि या रोगाचा एक प्रकार असा आहे की अंगावर पुष्कळ पुसट चट्टे येतात, किंवा त्वचा तेलकट, चमकदार, जाडसर होते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया विरळ होतात, पण सुरुवातीला बधिरपणा नसतो. संसर्ग पसरण्याची शक्यता याच प्रकारात जास्त असते. तेव्हा आपले काम निदान करण्याचे नाही. आपले काम संशय घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचवण्याचे आहे. निदान डॉक्टर करतील.

आता एका बाईची हकीकत सांगते. तिच्या संमतीने सांगते, नाव-गाव सांगत नाही. पूर्व विदर्भातली, वय तेवीस, धानाच्या बांधीत रोवणीला जाणारी. डाव्या हाताच्या मागच्या बाजूला, करंगळीच्या मुळाशी, रुपयाएवढा फिकट चट्टा आला. चिखलपाण्यातले काम, त्यामुळे सगळ्यांनी गजकर्ण म्हटले. दुकानातून मलमाची नळी आणली. चट्टा थोडा फिका झाला, पुन्हा दिसला, पुन्हा नळी आणली. असे सुमारे दीड वर्ष गेले. खाज तर कधीच नव्हती, पण ते कुणी विचारले नाही. गरोदरपणात पाचव्या महिन्यात भाकरी टाकताना तिची करंगळी तव्याला चिकटली. तिला ते कळलेच नाही, जावेने ओरडून सांगितले. दवाखान्यात फोडावर औषध मिळाले, पट्टी बांधून दिली. एवढे भाजेपर्यंत कळले कसे नाही, हा प्रश्न तिथेही कुणाला पडला नाही.

बाळंतपणाला ती माहेरी आली. बाळ दोन महिन्यांचे असताना चट्टा एकाएकी लाल झाला, सुजला, कोपर ठणकू लागले. बाळाला धरून-धरून हात अवघडला असेल असे आईने म्हटले. मग करंगळी बाकीच्या बोटांजवळ येईनाशी झाली. ती सांगायची, ‘ओंजळीत पाणी राहत नाही, करंगळीकडून गळून जातं.’ बचत गटातल्या आपल्या एका कार्यकर्तीने हे ऐकले, चट्टा पाहिला, पेन टेकवला. चट्ट्यावर आणि करंगळीच्या कडेवर तिला काहीच कळत नव्हते. दुसऱ्या दिवशी दोघी तालुक्याला गेल्या. डॉक्टरांनी कोपराची आतली बाजू चाचपली. कोपर आपटल्यावर जिच्यातून झिणझिण्या येतात ती नस दोरीसारखी जाड झाली होती आणि हात लावताच दुखत होती. निदान झाले, कुष्ठरोग, एक चट्टा आणि एक नस.

यात काय घडले ते नीट पाहू. गरोदरपणात शरीराची प्रतिकारशक्ती बदलते आणि बाळंतपणानंतर ती पुन्हा उसळते. दबलेल्या जंतूंविरुद्ध शरीर एकदम लढू लागते, आणि ही लढाई नसेच्या आत होत असल्याने नस सुजून निकामी होते. याला वैद्यकीय भाषेत रिॲक्शन म्हणतात. ती औषधे घेताना किंवा औषधे संपल्यावरही येऊ शकते. ओल्या बाळंतिणीत तिचा धोका वाढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत बाई घरात कोंडलेली असते, तिच्या दुखण्याला बाळंतवात असे नाव मिळते. नसेची ताकद कमी होऊन सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन हे औषध सुरू झाले तर ती परत येण्याची चांगली शक्यता असते. त्यानंतर ती फार कमी होते. आपल्या बाईचा अशक्तपणा दीड महिन्याचा होता. कुष्ठरोगाच्या गोळ्या आणि प्रेडनिसोलोन दोन्ही सुरू झाली. प्रेडनिसोलोन काही महिने हळूहळू कमी करत न्यावे लागते, बरे वाटले म्हणून मध्येच सोडून चालत नाही. बाळाला अंगावर पाजणे चालूच राहिले. सहा महिन्यांनी करंगळी जवळजवळ पूर्वीसारखी हलू लागली. चट्ट्यावरची जाणीव मात्र परत आली नाही. आज ती पातेले उतरवताना न विसरता फडके घेते आणि रोज रात्री दिव्याखाली हात पाहते. दीड वर्षापूर्वी पहिल्या नळीच्या ऐवजी पेन टेकवला असता, तर सहा महिन्यांच्या गोळ्यांवर हे सगळे संपले असते. लवकर तपासण्याचा अर्थ एवढाच आहे. जंतू केव्हाही मारता येतो. मेलेली नस परत आणता येत नाही.

उपचाराबद्दल थोडक्यात. एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवली, त्याआधी एकच गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागे. आता पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने, त्याहून जास्त असतील किंवा एकापेक्षा जास्त नसा धरलेल्या असतील तर बारा महिने. सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ती घेता येतात. पहिल्या दिवसांतच संसर्ग पसरवण्याची शक्यता जवळजवळ संपते, त्यामुळे तिला वेगळे ठेवायची, भांडी वेगळी करायची, बाळ दूर करायची काहीच गरज नाही. एरवीही बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूला तोंड देण्याची ताकद मुळातच असते.

दोन गोष्टी मात्र बाईला आधी सांगा, नाही तर ती गोळ्या बंद करते. महिन्यातून एकदा जो मोठा डोस असतो त्या दिवशी लघवी लालसर होते. ती रक्ताची नव्हे, औषधाची असते. आणि क्लोफाझिमिन नावाच्या गोळीने अंगाचा रंग काळसर होतो. औषध संपल्यावर काही महिन्यांत तो उतरतो. पण लग्नाच्या मुलीला, नव्या सुनेला हा बदल कसा भोवतो हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘औषधाने रंग बदलेल, तो परत येईल, घरात विचारलं तर काय सांगायचं ते आपण आधीच ठरवू,’ एवढे बोलणारी कुणी भेटली तर गोळ्या पुऱ्या होतात.

आता आपल्या चळवळीशी थेट जोडलेला भाग. बायका उशिरा का येतात? पहिले कारण साधे आहे, अंग कोण पाहणार? चट्टा हातावर असला तर दिसतो. पाठीवर, मांडीवर, कमरेवर असला तर तो तिला स्वतःलाही दिसत नाही, आणि पुरुष कर्मचाऱ्यासमोर ती पदर सारणार नाही. घरोघरच्या शोधमोहिमेत जोडीला बाई असते ती याचसाठी. तुमच्या गावात मोहीम येईल तेव्हा विचारा, बायकांची तपासणी बाईने, आडोशाला केली का? की दारात उभे राहून ‘कुणाला डाग आहे का?’ विचारले आणि सासूने ‘नाही’ म्हणताच खडूने खूण करून निघाले?

दुसरे कारण भीती, आणि ती खोटी नाही. आपल्या बाईकडे औषध चुकू नये म्हणून एक कर्मचारी सासरी गेला आणि अंगणातच रोगाचे नाव घेऊन तिची चौकशी केली. संध्याकाळपर्यंत तिचे ताट वेगळे झाले, आठवड्यात नवऱ्याने काडीमोडाची भाषा काढली. इथे कायदा माहीत असणे उपयोगी पडले. पूर्वी हिंदू विवाह कायदा, विशेष विवाह कायदा, मुस्लिम विवाह विच्छेदन कायदा, ख्रिश्चनांसाठीचा घटस्फोट कायदा, या सगळ्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. २०१९ मध्ये संसदेने ते काढून टाकले. आज कुठल्याही नवऱ्याला या कारणावर घटस्फोट मागता येत नाही. १८९८ चा कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवणारा कायदाही २०१६ मध्ये रद्द झाला. आपल्या दोघी कार्यकर्त्या आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टर तिच्या सासरी गेल्या. कायदा सांगितला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळ्या घराची तपासणी केली. सासऱ्यांच्या पाठीवर तीन चट्टे निघाले. त्यांना त्यांचा पत्ताच नव्हता. रोग कुणाकडून कुणाला गेला हे ठरवता येत नाही आणि ठरवायचेही नाही. पण ताट वेगळे करणे तिथेच थांबले. बाकीच्यांना प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनचा एकेक डोस मिळाला. हा डोस सहवासातल्या माणसांना एकदाच देतात. त्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही, म्हणून पुढेही अंगावर लक्ष ठेवावे लागते. गरोदर बाईला तो बाळंतपणानंतर देतात.

तिची सून म्हणून किंमत सासऱ्यांच्या चट्ट्यांमुळे टिकली, हे मला अजून खुपते. दर घरात असे चट्टे निघणार नाहीत. म्हणून रोगाचे नाव कुणाला, कुठे, कसे सांगायचे हा निर्णय तिचा असला पाहिजे. आपण कुणाला घेऊन दवाखान्यात गेलो तर बाहेर बाकावर रोगाचे नाव उच्चारू नका. गोळ्या सासरच्या दवाखान्यातून नको असतील, माहेरच्या दवाखान्यातून हव्या असतील, तर तशी व्यवस्था डॉक्टरांकडे मागा.

आता चहाच्या आधी अर्धा तास आहे. दाराशेजारच्या खोलीत पडदा लावला आहे. दोघी-दोघींनी जा, पेन घ्या, आणि एकमेकींचे हात, पाय, पाठ तपासा. पहिल्यांदा चांगल्या त्वचेवर, डोळे उघडे ठेवून. मग डोळे मिटून. आणि लक्षात ठेवा, ‘लागलं का?’ असे विचारायचे नाही.